किलोमीटरला बावीस

म्हातारी विकायची की ठेवायची, यावरून बहीणभावात वर्षभर धुसफूस चालू होती. म्हातारी म्हणजे त्यांचा जुना ट्रक. घरसामान हलवायचा धंदा त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, याच ट्रकवर उभा केला. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. आता ऑफिस ताई बघायची, गाड्या आणि माणसं धाकटा बघायचा. धाकट्याने कर्ज काढून एक नवा ट्रक घेतला होता. म्हातारी विकली तर त्या कर्जाचा बराच भार हलका होणार होता. यात चूक काही नव्हतं, पण ताईला ते ऐकवत नसे.

"ती काय आपल्याला जड झालीय का?" ती म्हणायची.

"जड झालीय, म्हणून तर बोलतोय," धाकटा म्हणायचा. "डिझेल पिते नुसती. आणि तू काय, तिला अंगणात बांधून ठेवणार?"

असं भांडता भांडता एकदा धाकटा चिडून बोलून गेला, "ठीक आहे! तीन महिने लॉगबुक लिहू. डिझेल, टोल, ऑइल, टायर, दुरुस्ती, सगळं धरून किलोमीटरला बावीस रुपयांच्या आत आली तर ठेवू. बावीसच्या वर गेली की विकायची. मग तू रडायचं नाहीस आणि मी बोलायचं नाही."

बावीस हा आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. तेवढ्यात तर बाहेरची गाडी भाड्याने मिळत होती. घरची गाडी त्याहून महाग पडत असेल तर ती ठेवायची कशाला? ताईने "चालेल" म्हटलं, पण मनातून तिला ते नको होतं.

कारण म्हातारी विकली की उस्तादांचं काय, हा खरा प्रश्न होता. उस्ताद हे म्हातारीचे ड्रायव्हर, अण्णांच्या बरोबरीचे. म्हातारी आली त्या दिवसापासून स्टेअरिंग त्यांच्याच हातात. दुसऱ्या कुणी गिअर टाकला तर ती घरघर करते आणि उस्तादांनी टाकला की मुकाट चालते, असं सगळे हमाल शपथेवर सांगायचे. या वयात त्यांना दुसरी गाडी शिक म्हणायचं, की घरी बस म्हणायचं? ताईच्या डोक्यात हे विचार यायचे आणि ती पुन्हा धाकट्याशी भांडायला मोकळी व्हायची.

ऑफिस म्हणजे गाड्यांच्या आवारातली एक खोली. एका भिंतीला घडी घातलेले पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टीची रिळं, जुन्या चादरींचे गठ्ठे. खिडकीपाशी टेबल, आणि टेबलावर लाकडी ठोकळ्यात उभी केलेली एक तार. पावत्या त्या तारेत खोचायच्या. ही पद्धत अण्णांची. फेरीवरून आल्या आल्या खिसे रिकामे करायचे, मग चहा. पंपावर टाकी प्रत्येक वेळी फुल करायची, अर्धवट डिझेल घ्यायचं नाही, आणि पावतीच्या मागे मीटरचा आकडा लिहायचा. टाकी दर वेळी गळ्यापर्यंत भरली, की आत्ता भरलेलं डिझेल म्हणजे मागच्या पावतीपासून जळालेलं डिझेल. मग दोन मीटरमधला फरक भागिले लिटर. गाडीचं अ‍ॅव्हरेज काढायला याहून सोपं आणि याहून खरं काही नाही.

ताई आणि धाकट्याचं अर्धं बालपण त्या टेबलाभोवती गेलं होतं. रविवारी सकाळी अण्णा तार उलटी करायचे आणि पावत्यांचा ढीग पडायचा. तेव्हा टोलच्या पावत्या रंगीत असायच्या, पुलाची गुलाबी, डोंगराच्या नाक्याची पिवळी, आणि सगळ्यांना डिझेलचा वास. धाकट्याला वाचता येऊ लागलं तसं वाचायचं काम त्याचं. "पूल, जाऊन-येऊन!" असं तो लिलाव पुकारल्यासारखा ओरडायचा. ताई लॉगबुकात लिहायची. अक्षर वाकडं झालं की अण्णा खाकरायचे. शेवटी बेरीज झाली, किलोमीटरने भागलं, की अण्णा तो आकडा चष्मा वर करून बराच वेळ बघत बसायचे. मग लॉगबुक मिटायचे आणि दोघांना म्हातारीच्या केबिनमध्ये बसवून आवारातून एक चक्कर मारून आणायचे. ताईला आजही कुठे डिझेलचा वास आला की रविवार आठवायचा. पंपावर लोक नाक धरतात, आणि ही बाई उभी राहून मोठा श्वास घेते. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, याची तिला फिकीर नव्हती.

तर आता तीन महिने पुन्हा तेच सुरू झालं. पद्धत तीच, पण पावत्यांची कळा गेली होती. आता सगळ्या पांढऱ्या, गुळगुळीत कागदाच्या, आणि उन्हात डॅशबोर्डवर राहिल्या तर आठवड्यात कोऱ्या. म्हणून उस्ताद गाडी लावली की पावत्या धाकट्याच्या हातात द्यायचे, धाकटा त्या तारेत खोचायचा आणि महिनाअखेरीला दोघं टेबलाशी बसायचे. धाकटा वाचायचा, ताई लिहायची. दोघांचे केस पिकायला लागले होते, पण वाचताना धाकट्याचा आवाज मध्येच अजून लिलावात जायचा.

"पूल, जाऊन-येऊन!"

"हळू. बाहेर हमाल हसतायत."

"हसू देत. डोंगराचा नाका, नुसतं जाऊन. येताना दुसऱ्या दिवशी आलेत, त्याची वेगळी पावती आहे बघ."

"जाऊन-येऊन का नाही काढली? स्वस्त पडली असती."

"तिकडे सामान उतरवायला दोन दिवस लागले. मुदत चोवीस तासांची असते, ताई. तू कधी गेलीयस का फेरीवर?"

पहिल्या महिन्याचा आकडा आला तेवीसच्या वर. ताईचं तोंड उतरलं. धाकटा पेन्सिल चावत बसला. दुसऱ्या महिन्यात आकडा खाली आला, तिसऱ्यात आणखी खाली. तिसरा महिना संपला त्या रविवारी ताईने तिन्ही महिन्यांची एकत्र बेरीज मांडली. म्हातारी पळाली होती बरोबर नऊ हजार किलोमीटर. डिझेल एक लाख बावीस हजार चारशेचं. टोल सत्तावीस हजार. टायर, ऑइल, दुरुस्ती मिळून छत्तीस हजार. एकूण एक लाख पंच्याऐंशी हजार चारशे. भागिले नऊ हजार.

"वीस साठ!" ताई खुर्चीतून उठलीच. "वीस साठ, धाकट्या! बावीस म्हणाला होतास ना? घे आता!"

"बरं बाई, जिंकलीस," धाकटा म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. म्हातारी राहिली." आणि तो हमालांना काहीतरी सांगायचं निमित्त करून बाहेर गेला. हरलेला माणूस इतका खुशीत कसा, हे तिच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात माणसाला समोरचं दिसत नाही.

आता वीस साठवर थांबली असती तर ती ताई कसली! तिला वाटलं, हा पठ्ठ्या उद्या पुन्हा कुरकुर करेल, त्याला अ‍ॅव्हरेजच दाखवून गप्प करू. महिन्याच्या बेरजेत नुसते एकूण लिटर आणि एकूण किलोमीटर येतात. टाकी ते टाकी हिशेब तिने अजून केला नव्हता. तिने डिझेलच्या पावत्या तारीखवार लावल्या, उलट्या केल्या आणि मागचे मीटरचे आकडे एकाखाली एक उतरवले. साडेपाच, पाच चार, साडेपाच, पाच सहा. भरल्या ओझ्याची म्हातारी लिटरला एवढंच देते, आधीही एवढंच द्यायची. पुढच्या ओळीत एक हजार पाचशे तीस किलोमीटर, डिझेल एकशे चाळीस लिटर.

तिने भागाकार केला. जवळजवळ अकरा.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "हिला काय पंख फुटले?"

म्हातारीची टाकी एकशे साठ लिटरची. गळ्यापर्यंत भरली तरी नऊशे किलोमीटरच्या आत कोरडी पडणार. मग ती दीड हजार किलोमीटर गेली कशावर, वाऱ्यावर? मीटर चुकीचा लिहिला असेल म्हणून ताईने त्या दिवसांच्या टोलच्या पावत्या काढल्या. पूल, डोंगराचा नाका, बंदराचा नाका, येताना पुन्हा तेच. गाडी खरोखर गेली होती आणि खरोखर आली होती. किलोमीटर खरे होते. खोटं असेल तर ते डिझेल. मधली एक पावती नव्हती. तिसऱ्या महिन्यातही तसंच एक भगदाड निघालं.

दोन टाक्या वाढवल्या तर वीस साठ काही राहत नाही, हे तिला तोंडी हिशेबानेच कळलं होतं. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं, की हे फक्त तिलाच ठाऊक आहे. पावत्या सुलट्या करून तारेत खोचायच्या, की झालं! धाकट्याने शब्द दिला होता. म्हातारी राहणार, उस्ताद राहणार. कुणाच्या बापाला कळणार होतं? पावत्या हातात धरून तिने खिडकीतून पाहिलं. बाहेर आवारात म्हातारी उभी होती, तिचं एक दार उघडं होतं आणि उस्ताद काच पुसत होते. ताईला अण्णांची आठवण आली. अण्णांनी या टेबलावर एक आकडा कधी खोटा मांडू दिला नव्हता. वाकडं अक्षरसुद्धा खपवून घेतलं नव्हतं त्यांनी.

ती उठून बाहेर गेली.

"उस्ताद, दुसऱ्या महिन्यात बंदराच्या फेरीला टाकी कुठे भरली होती?"

"पुलाच्या अलीकडच्या पंपावर. फुल केली," उस्ताद काच पुसता पुसता म्हणाले. "का हो?"

"त्याची पावती नाही."

"नाही कशी? मागे मीटर लिहून धाकट्याच्या हातात दिली. त्या दिवशी तो इथंच, फाटकापाशी उभा होता. डोंगराच्या फेरीचीही दिली. माझ्याकडून आजवर एक पावती हरवली नाही, ताई. तुमच्या अण्णांनी ती खोडच लावली नाही."

ताईच्या डोक्यात प्रकाश पडला, पण तो तिला खरा वाटेना. धाकट्याने लपवल्या? गाडी विकायची म्हणून वर्षभर कंठशोष करणाऱ्याने? डिझेलची पावती लपवली की आकडा खाली येतो, वर जात नाही. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला तो काही बावळट नव्हता.

तो पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "काढ."

"काय?"

"दोन पावत्या. काढ म्हणते ना!"

धाकट्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खोटं बोलायचा बेतच सोडून दिला. पाकीट काढलं, त्यातून घडी घातलेल्या दोन पावत्या काढल्या. एकशे एकोणचाळीस लिटर, एकशे एक्केचाळीस लिटर. मागे उस्तादांच्या ठसठशीत अक्षरात मीटर.

"तुला कसं कळलं?"

"टाकी ते टाकी काढलं. अकरा आलं. अकरा, गाढवा! निदान पुढच्या पावतीमागचा मीटर तरी बघायचा होतास!"

"मला वाटलं, तू जिंकलीस की हिशेब मिटवून ठेवशील."

"पण का? तुलाच विकायची होती ना?"

धाकटा पायाने खडा उडवत राहिला. चाळिशी उलटलेला माणूस, पण पकडला गेला की अजून खडा उडवतो. "विकायची होती. कर्जाचे हप्ते तू भरत नाहीस, मी भरतो. मला आकडा दिसतो. पण पहिल्या महिन्यात तेवीस आले आणि तुझं तोंड बघितलं. आणि मग मी केबिनमध्ये जाऊन बसलो. सीटच्या मागे ती फळी आहे ना, मी झोपायचो ती, तिथे अजून माझं नाव कोरलंय. मला नाही जमत, ताई, तिला विकायला. आणि बावीसचा बाण मीच सोडला होता, माघार कोणत्या तोंडाने घेऊ? म्हटलं तूच जिंक. तू जिंकलीस तर मला विकावी लागणार नाही."

ताईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. "चल आत," ती म्हणाली. "वाच."

धाकट्याने दोन पावत्या वाचल्या, या वेळी हळू आवाजात. ताईने लॉगबुकात त्या त्यांच्या तारखेला घातल्या. पंचवीस हजार दोनशे वाढले. दोन लाख दहा हजार सहाशे भागिले नऊ हजार. तिने दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच आलं. तेवीस चाळीस.

"अ‍ॅव्हरेज?" धाकट्याने विचारलं.

"साडेपाच. जेवढं होतं तेवढंच."

शेवटी ताईच म्हणाली, "विकायची," आणि शब्द तोंडातून बाहेर पडताच तिला रडू फुटलं. धाकटा तिच्याकडे न बघता चिकटपट्टीचं रीळ फिरवत बसला, कारण त्याचीही तीच गत होती.

"पण उस्तादांना तू सांग," ताई नाक पुसत म्हणाली.

"मी? तू थोरली आहेस!"

"थोरली म्हणजे सगळं मीच का?"

"मला काय सांगायचंय?" दारातून आवाज आला. उस्ताद खांद्यावर फडकं टाकून उभे होते. आता मागे फिरता येत नव्हतं. ताईने लॉगबुक त्यांच्यापुढे सरकवलं आणि सांगितलं. तेवीस चाळीस, बावीसची अट, कर्ज, सगळं. "तुम्हाला आम्ही सोडणार नाही, उस्ताद," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही ऑफिसात बसा, हमालांवर बघा, काय वाटेल ते..."

उस्तादांनी चष्मा काढून तेवीस चाळीस नीट वाचलं. मग खुर्ची ओढून बसले, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि छातीतून एक मोठा श्वास सोडला.

"सुटलो बुवा," ते म्हणाले.

"काय?"

"अहो, दोन वर्षं झाली, तिचा क्लच दाबला की कंबरेतून कळ निघते ती थेट इथपर्यंत." त्यांनी मान दाखवली. "वळण घ्यायचं म्हणजे खांदे निखळतात. नव्या गाडीत पॉवर स्टेअरिंग आहे, एका बोटाने फिरतं म्हणे. रोज तिच्याकडे बघतो. पण तुम्ही दोघं या खटाऱ्याकडे असे बघता, की माझी जीभच उचलत नाही. म्हटलं, पोरांना बापाची आठवण आहे, ओढू जमेल तेवढी."



"अहो, पण अण्णांचा हिच्यात जीव होता," धाकटा कसाबसा म्हणाला.

"तुमच्या अण्णांचा?" उस्ताद हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "तो तर सारखा हिला विकायला काढायचा! दर किलोमीटरचा हिशेब कशाला मांडायचा, काय वाटलं तुम्हाला? हिला कधी काढायची ते कळावं म्हणून. दोनदा गिऱ्हाईक आलं होतं फाटकापर्यंत. आकडा बघायचा, लॉगबुक मिटायचा, मला म्हणायचा, 'उस्ताद, परवडत नाही ही. विकून टाकतो.' मग तुम्हा दोघांना केबिनमध्ये बसवून सांगायला म्हणून न्यायचा. आणि चक्कर मारून परत यायचा तसाच. मी विचारायचो, 'सांगितलं का?' तर म्हणायचा, 'पोरं फार खुश होती रे. पुढच्या वेळी बघू.'"

धाकट्याने रीळ खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताई रडत होती आणि हसतही होती, आणि त्यातलं काय थांबवावं हे तिला कळत नव्हतं. ज्या गाडीला अण्णांची म्हणून ती तीन वर्षं उराशी धरून बसली होती, ती अण्णांनी तिच्यासाठी ठेवली होती.

"मग आता काय करायचं?" धाकट्याने विचारलं.

"विकायची," ताई म्हणाली. या वेळी शब्द सरळ बाहेर आला. "त्यांना नाही जमलं ना? मग आपण करू."

"चावी द्या तर," उस्ताद उठत म्हणाले. "म्हातारीची नाही. नव्या गाडीची."